बेड कुरकुरू नये म्हणून जोडणीतल्या या चुका टाळा

बेड कुरकुरायला लागला की पहिला दोष लाकडाला जातो. "शिसवी घेतला असता तर असं झालं नसतं," असं कुणीतरी म्हणतंच. पण शिसवी बेडही कुरकुरतो आणि पाइनचा साधा बेड वर्षानुवर्षं गप्प राहतो. आवाज लाकडातून निघत नाही. दोन तुकडे जिथे एकमेकांना टेकतात तिथून तो निघतो. वजन पडलं की ते दोन पृष्ठभाग एकमेकांना धरून ठेवतात, ताण वाढला की एकदम सुटून जरासे सरकतात आणि पुन्हा धरतात. हे धरणं-सुटणं इतक्या झपाट्याने होतं की आपल्याला त्याची सलग कुरकुर ऐकू येते.

यावरून जोडणीचं सगळं धोरण ठरतं. पूर्ण आवळलेला सांधा सरकतच नाही, म्हणून तो गप्प असतो. ज्या सांध्यात मध्ये मऊ थर आहे तो सरकतो, पण धरत नाही, म्हणून तोही गप्प. बोलतो तो अर्धवट आवळलेला सांधा. त्यामुळे प्रत्येक जागी आधी ठरवायचं, इथे जखडायचं की इथे मऊ थर द्यायचा.

पुढे जे लिहितो आहे ते खोक्यातून सुटे भाग येणाऱ्या क्वीन बेडबद्दल आहे. उशाकडची फळी, पायथ्याकडची फळी, दोन लांब बाजू, मधला दांडा, त्याचा पाय आणि वर आडव्या पट्ट्या, इतकाच संसार. गादीची जागा साधारण १९८ बाय १५२ सेंटीमीटर.

पहिला कोपरा लगेच आवळणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, आणि जोडायला आलेली माणसंही घाईत हेच करतात. पहिल्या कोपऱ्याचे बोल्ट पूर्ण पिळायचे, मग दुसऱ्याचे, आणि चौथ्या कोपऱ्याला भोकं जुळेनात म्हणून फळी गुडघ्याने ढकलून बोल्ट कसाबसा बसवायचा. चौकट तिरकी बसते आणि तो ताण कायम सांध्यात राहतो. पुढे दर वेळी कुणी कूस बदलली की तो ताण सुटायला बघतो.

सगळे बोल्ट आधी हाताने फिरतील तेवढेच फिरवा. प्रत्येक बोल्टच्या डोक्याखाली वॉशर आहे ना, ते बघून घ्या. वॉशर नसेल तर बोल्टचं डोकं लाकडात रुततं, आणि आपल्याला वाटतं सांधा आवळला. मग मेजरिंग टेपने चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. १९८ बाय १५२ च्या चौकटीत कर्ण २४९.६ सेंटीमीटर यायला हवा. समजा एक २५०.४ भरला आणि दुसरा २४८.८, तर चौकट समांतरभुज झाली आहे. लांब कर्णाच्या दोन्ही टोकांच्या कोपऱ्यांना दोघांनी आतल्या बाजूला हलकेच दाबायचं आणि पुन्हा मोजायचं. दोन्ही मापांत दोन-तीन मिलिमीटरच्या आतला फरक उरला की पुरे. आता आवळा, पण एका कोपऱ्यानंतर त्याच्या समोरचा तिरका कोपरा घ्या, आणि दोन फेऱ्यांत घ्या.

किती आवळायचं? सोबत आलेल्या छोट्या अॅलन की ने हाताच्या जोरावर जेवढं बसेल तेवढंच. तिला पाइप लावून पिळलं किंवा ड्रिलच्या झटक्याने फिरवलं तर आतला दंडगोल नट लाकूड चिरडतो, आणि तो सांधा पुढे कधीच नीट धरत नाही. या सांध्यांत फेविकॉल मात्र घालू नका, घर बदलताना चौकट सोडवायला लागते.

मधला पाय नुसता उभा करणं

खरा गोंधळ इथेच होतो. मधल्या आधाराचं काम पट्टीची अधांतरी लांबी निम्मी करण्याचं असतं. १५२ सेंटीमीटरची पट्टी दोनच टोकांवर टेकली तर तिच्या मधोमध बसलेल्या माणसाने ती जेवढी वाकते, त्याच्या आठव्या हिश्शाइतकीच ७६ सेंटीमीटरची पट्टी वाकते. वाकणं कमी झालं की घासणंही कमी होतं. पण हा फायदा मधला दांडा बाजूच्या टेकणपट्टीशी बरोबर एका पातळीत असेल तरच मिळतो. टेकणपट्टी म्हणजे लांब बाजूंच्या आतून लावलेली ती लाकडी कड, जिच्यावर पट्ट्यांची टोकं बसतात.

दांडा उंच झाला तर पट्टी त्याच्यावर तराजूसारखी डुलते आणि एका बाजूला बसलं की दुसऱ्या बाजूचं टोक उचलून पुन्हा आपटतं. दांडा खाली राहिला तर आधार नावापुरताच असतो, पट्टी वाकून त्याला टेकते आणि सुटते. दोन्ही आवाजांची जात वेगळी आहे. पहिल्यात ठकठक जास्त, दुसऱ्यात कुरकुर जास्त.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये हे का बिघडतं? कारण जमीन सपाट नसते. बाल्कनी किंवा न्हाणीकडे उतार दिलेला असतो, टाइल्सही वर-खाली बसलेल्या असतात. एका ओळखीच्यांकडचा बेड याचं नेमकं उदाहरण होता. बाल्कनीच्या दाराजवळ त्याची उशाची बाजू होती. चारही कोपऱ्यांचे सांधे पक्के होते, तरी कुणी मधोमध बसलं की बेड कण्हायचा. दोन्ही टेकणपट्ट्यांवर एक सरळ अॅल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवली आणि तिच्याखाली मधला दांडा बघितला. पायथ्याला दांडा तिला टेकत होता, पण मधल्या पायाच्या जागी पाच मिलिमीटरची फट होती. पाय जमिनीला टेकला होता, पण दांडा टेकणपट्टीच्या पातळीला पोचलाच नव्हता. नुसतं वाकून "पाय टेकलाय का" बघणाऱ्याला ही फट कधीच सापडणार नाही.

पायाला खाली फिरवायची चकती असेल तर ती बाहेर काढून फट भरा. नसेल तर सुताराकडचे सनमायकाचे तुकडे घ्या. प्रत्येक साधारण एक मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे मापात बसतात. पुठ्ठा किंवा घडी केलेला कागद घालू नका. तो दबतो आणि पुन्हा फट पडते. शेवटी रिकाम्या बेडखाली पायाच्या तळाशी वर्तमानपत्राचा कपटा सरकवून बघा. तो सहज निघाला तर पाय हवेत आहे. ओढताना अडखळत, पण न फाटता निघाला की पातळी जमली. फाटायलाच लागला तर पाय दांड्याला वर ढकलतो आहे, चकती किंचित आत घ्या.

बऱ्याच बेडमध्ये मधला दांडा उशा-पायथ्याच्या फळीवरच्या लोखंडी खाचेत नुसता बसवलेला असतो. लोखंडावर लाकूड हे कुरकुरण्याचं हमखास ठिकाण. खाचेत चिकट नमद्याची पातळ पट्टी लावा आणि मगच दांडा बसवा.

पट्ट्या कोरड्याच ठेवणं, किंवा चुकीच्या पद्धतीने स्क्रू करणं

पट्ट्यांच्या टोकांखाली टेकणपट्टीवर नमद्याची किंवा जुन्या कार्पेटची सलग पट्टी चिकटवा. मधल्या दांड्यावरही तशीच, त्याच जाडीची. फक्त बाजूंना लावलीत आणि मध्ये नाही, तर आत्ता साधलेली पातळी पुन्हा बिघडेल. पट्टीची टोकं लांब बाजूच्या फळीला टेकू देऊ नका, दोन्हीकडे जरा फट हवी. दोन पट्ट्यांत पाच ते सात सेंटीमीटर अंतर ठेवा.

पट्ट्या स्क्रूने बसवायच्या असतील तर एक बारकावा आहे. स्क्रूचे आटे पट्टीत आणि टेकणपट्टीत दोन्हीकडे धरले, तर पट्टी एक-दोन मिलिमीटर वरच तरंगत राहते. वरून डोकं घट्ट दिसतं, खाली फट असते, आणि प्रत्येक पट्टी तेवढीच खालीवर होऊन आवाज करते. म्हणून पट्टीतलं भोक स्क्रू सहज जाईल एवढं मोठं पाडा, आणि टेकणपट्टीतलं भोक स्क्रूच्या गाभ्याएवढं बारीक. मग स्क्रू पट्टीला खाली ओढून घेतो.

आवाजावर तेल सोडणं

खोबरेल, शिवणयंत्राचं तेल, गंज सोडवायचा फवारा, सगळं सांध्यात जातं. एक-दोन आठवडे बरं वाटतं. तेल लाकूड पितं, वर धूळ चिकटते आणि पुन्हा तेच. लाकडावर लाकूड घासत असेल तर सांधा सोडवून तिथे साधी मेणबत्ती घासा. ती आत मुरत नाही.

एकदा आवळून विसरून जाणं

पावसाळ्यात आलेला बेड फेब्रुवारी-मार्चमध्ये बोलायला लागतो. लाकूड आडवं आकसतं. सात सेंटीमीटर जाडीच्या पायात ओलावा चार टक्क्यांनी घटला तर जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास कमी होते. आठ मिलिमीटरच्या बोल्टचा एक फेरा १.२५ मिलिमीटर पुढे जातो. म्हणजे बोल्ट जवळजवळ अर्ध्या फेऱ्याने सैल होतो, कुणीही हात न लावता. जोडल्यावर महिन्याभराने एकदा आणि मग दिवाळीनंतर एकदा अॅलन की फिरवून घ्या. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडावर जास्त आवळू नका, त्याने आत चिरडतं.

तरीही आवाज येतो, तेव्हा

आधी गादी जमिनीवर टाकून तिच्यावर लोळून बघा. स्प्रिंगची गादी स्वतःच कुरकुरते आणि आळ बेडवर येतो. गादी निर्दोष निघाली तर एकाने पट्ट्यांवर हाताने दाबायचं आणि दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोटं ठेवायची. कानापेक्षा बोटं जास्त खरी सांगतात, कारण पोकळ चौकटीत आवाज भलतीकडून आल्यासारखा वाटतो. ज्या सांध्यात बोटांना थरथर जाणवेल तो सोडवा. मग पट्ट्या काढून नुसती चौकट हलवा. चौकट गप्प आणि पट्ट्या घातल्या की आवाज, तर दोष टेकणपट्टीत किंवा मधल्या दांड्यात. चौकटच बोलली तर कोपऱ्यात.

एवढं करून काहीच सापडलं नाही तर बेड भिंतीपासून चार बोटं ओढा. उशाकडची फळी भिंतीला घासत असते, आणि कोपरे कितीही आवळले तरी तो आवाज जात नाही. पायाखालची पोकळ टाइलही ठोकून बघा.

स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर त्यात फेविकॉल लावलेल्या आगकाड्या ठोकून, सुकल्यावर नवं भोक पाडता येतं. पण बोल्टच्या नटाभोवतीचं लाकूडच चिरडलं असेल, किंवा चौकट दाबलेल्या भुशाच्या फळीची असेल आणि तिथला कोपरा फुगला असेल, तर आवळत बसू नका. सुताराकडून आतून लोखंडी कोन लावून घ्या किंवा ती बाजू बदला.