स्टेअरिंग सरळ, तरी गाडी तिरकी: मागचा ॲक्सल घरी कसा तपासावा

पिकअपचं अलाइनमेंट करून आणलं, हात सोडला तरी स्टेअरिंग हलत नाही, म्हणजे गाडी सरळ झाली असं आपण धरून चालतो. सावदा-रावेर पट्ट्यात केळी भरून धावणाऱ्या पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, गाड्यांबाबत तरी असं धरू नये. स्टेअरिंग सरळ दिसणं म्हणजे पुढची चाकं मागच्या चाकांच्या दिशेशी जुळली, एवढंच. मागची चाकं मुळात कुठे तोंड करून आहेत, हे त्यावरून कळत नाही.

गाडीला ढकलतात मागची चाकं. दोन्ही मागची चाकं मिळून ज्या दिशेला गाडी नेतात, ती दिशा आणि गाडीची मधली रेष यांच्यातला कोन म्हणजे थ्रस्ट अँगल. बैलगाडीचा आस एका बाजूला सरकला की बैलांना सतत एका अंगाला ओढत राहावं लागतं, तसंच इथे ड्रायव्हर स्टेअरिंग जरा एका बाजूला धरून ठेवतो. मग अलाइनमेंटवाला पुढची चाकं वळवणारे टाय रॉड फिरवून ते सरळ करून देतो. ओढ संपते, पण ॲक्सल तिथेच तिरका राहतो.

पाट्याच्या गाडीत हे बहुतेकदा असं होतं. ॲक्सलच्या बैठकीत एक भोक असतं आणि पाट्यांच्या सेंटर बोल्टचं डोकं त्यात बसतं. ॲक्सलची जागा तेच डोकं धरून ठेवतं. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सैल पडले आणि जादा माल भरलेल्या गाडीचं डावं चाक साईडपट्टीवरून खाली आदळलं, की ते डोकं कापलं जातं आणि ॲक्सल डाव्या बाजूला मागे सरकतो.

तपासायला ओळंबा, खडू, मोजपट्टी आणि सपाट फरशी लागते. गोडाऊनचा काँक्रीटचा मजला उत्तम, शेताच्या बांधावर हे करू नका. गाडी रिकामी करा, चारही टायरमध्ये ठरलेली हवा भरा. स्टेअरिंग सरळ धरून गाडी चार-पाच मीटर पुढे ढकला आणि ब्रेक न मारता थांबू द्या, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतील. आता प्रत्येक चाकाच्या मध्यावरून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूची खूण करा. चारही खुणा झाल्या की गाडी बाजूला काढा.

आधी डाव्या बाजूचं पुढच्या खुणेपासून मागच्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा, मग उजव्या बाजूचं. दोन-तीन मिलीमीटरचा फरक ओळंब्याच्या हेलकाव्यातही येतो, म्हणून सगळं दोनदा करा. समजा डावीकडे २७०९ मिमी आणि उजवीकडे २७०० मिमी आलं. मागच्या दोन चाकांमधलं अंतर १३०० मिमी असेल, तर ९ भागिले १३०० म्हणजे साधारण ०.४ अंशाचा कोन होतो. अनेक निर्माते याच्या निम्म्याच्या आसपासच सूट देतात. आपल्या गाडीचा आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा.

हे ०.४ अंश चालताना कसे दिसतात? डावं टोक मागे गेलं की मागची चाकं डावीकडे पाहतात. गाडी सरळ न्यायची तर पुढची चाकंही तेवढीच डावीकडे वळवावी लागतात. स्टेअरिंगचं प्रमाण अठराला एक असेल, तर स्टेअरिंग सुमारे सात अंश डावीकडे धरावं लागतं. टाय रॉड फिरवल्यावर हे सात अंश दिसेनासे होतात. पण चेसिस मात्र रस्त्याच्या रेषेत राहत नाही: नाक उजवीकडे आणि शेपूट डावीकडे, मागचा भाग पुढच्यापेक्षा सुमारे १९ मिमी डावीकडून चालतो.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर सकाळी जमिनीचा एक पट्टा ओला करा, त्यावरून गाडी अगदी सरळ काढा आणि पुढच्या कोरड्या जागेवरचे ठसे पाहा. उशीर करू नका, जळगाव-भुसावळच्या वैशाखात ठसा बघता बघता वाळतो. मागचा ठसा पुढच्या ठशाच्या बाहेर डावीकडे किती आणि उजवीकडे किती, याची तुलना करा. काही गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतरच वेगळं असतं, म्हणून एकाच बाजूचा ठसा पाहून निष्कर्ष काढू नका.

टायरवर मात्र भरवसा ठेवू नका. अखंड ॲक्सल तिरका झाला तरी त्याची दोन्ही चाकं एकमेकांना समांतरच राहतात. म्हणून मागचे टायर विचित्र झिजत नाहीत. अलाइनमेंटच्या कागदावरही मागचा एकूण टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर कल, शून्य येतो, कारण एका चाकाचा उणे ०.४ आणि दुसऱ्याचा अधिक ०.४ एकमेकांना खाऊन टाकतात. त्या कागदावर थ्रस्ट अँगलची ओळ वेगळी असते, तीच वाचा. सेंटरवर फक्त पुढच्या दोन चाकांना सेन्सर लावले असतील तर ती ओळ येतच नाही.

आता दुसरी शक्यता. दोन्ही बाजूंची लांबी सारखी आली, पण ठसा एका बाजूला सरकलेला आहे. मग खुणांमधले कर्ण मोजा, म्हणजे डावं पुढचं ते उजवं मागचं, आणि उलट. हे सारखे नसतील तर ॲक्सल न फिरता नुसता बाजूला सरकला आहे. यात कोन शून्य असतो, त्यामुळे गाडी सरळ चालते आणि स्टेअरिंगही मधोमध राहतं. मात्र पुढून मार लागून चेसिस वाकली असेल तरी कर्ण बिघडतात, हे ध्यानात ठेवा.

लांबीत फरक आला तर दोष लगेच मागे देऊ नका. पुढचं एखादं चाक ठोकरीने मागे गेलं असेल तरी तसाच फरक येतो. निवाडा करणारं माप वेगळं आहे: पाटा चेसिसला जोडणाऱ्या पुढच्या पिनेच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर, दोन्ही बाजूंना. हे दोन्हीकडे सारखं असेल तर पुढची बाजू बघा. डावीकडे तेच ९ मिमी जास्त आलं, तर ॲक्सल सरकला हे पक्कं. यू-बोल्टच्या आसपास चकाकणारी घासलेली पट्टी किंवा लाल गंजाची पूड दिसली, तर सरकणं अजून चालूच आहे आणि ती गाडी मालासह महामार्गावर नेऊ नये.

काम पाटेवाल्या मिस्तरीकडेच द्या, जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. त्याला नवा सेंटर बोल्ट घालायला सांगा, आणि बैठकीचं भोक लांबट झालं असेल तर तेही बघायला सांगा. तसं भोक राहिलं तर नवा बोल्टही सरकतो. यू-बोल्ट ताणलेले असतील तर तेही नवे घ्या. मगच अलाइनमेंटला जा. कारण आधी फिरवलेले टाय रॉड आता उलटे पडतील आणि ॲक्सल बरोबर बसला असूनही स्टेअरिंग उजवीकडे वळलेलं दिसेल. ते बघून काम चुकलं असं समजू नका, चारही चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. पहिली मालाची फेरी झाली की यू-बोल्टच्या नटांचा ताण टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्या आणि पिनेपासूनचं ते माप परत एकदा मोजा.