विभक्ती-काळाचा स्वाध्याय सोडवायच्या आधी हे बघून घ्या (इंदूरच्या पोरांसाठी)

इथली आपली पोरं शाळेत दिवसभर हिंदी-इंग्रजी करतात आणि मराठीचा स्वाध्याय घरी, त्यामुळे आधी वहीत शब्द, रूप, नियम असे तीन रकाने आखून घ्या, नियमाचा रकाना रिकामा राहिला की समजा अंदाजपंचे चाललंय. मग एकच वाक्य पूर्ण फोडा, दहा अर्धवट नकोत. हे घ्या: आजीने काल सराफ्यात नातवाला गरम जिलबी दिली होती.

आजीने म्हणजे सामान्यनाम, तृतीया एकवचन, प्रत्यय ने, कारकार्थ कर्ता. काल हे कालवाचक क्रियाविशेषण अव्यय, गरम हे विशेषण, ही दोन पटकन होतात. सराफ्यात सप्तमी, प्रत्यय त, अधिकरण. आणि सराफा चं सराफ्या का झालं तेही शेजारी लिहायचं, आकारान्त पुल्लिंगी नामाचं सामान्यरूप बहुतेक या-कारान्त होतं, जसं राजवाड्यात. नातू चं नातवा झालं कारण ऊकारान्त पुल्लिंगी, भाऊ-भावाला तसंच.

आता खरी गंमत नातवाला मध्ये आहे. ला द्वितीयेतही आहे आणि चतुर्थीतही, म्हणून नुसता प्रत्यय बघून लिहिलंत तर फसलात. इथे दिली ती जिलबी, म्हणजे कर्म जिलबी (रूप प्रथमेचं, प्रत्यय नाही), आणि नातू घेणारा, म्हणून चतुर्थी, संप्रदान. पण 'आजीने नातवाला उठवलं' यात उठवण्याची क्रिया थेट नातवावरच घडते, दुसरं कर्म नाहीच, म्हणून द्वितीया. क्रियापदाकडेही बघा, दिली हे जिलबीप्रमाणे स्त्रीलिंगी झालंय, उठवलं मात्र कुणाच्याच मागे न जाता नपुंसकलिंगी राहिलंय, पहिला कर्मणी प्रयोग, दुसरा भावे.

काळ बघताना शेवटचा शब्द झाकू नका. दिली साधा भूतकाळ, दिली होती पूर्ण भूतकाळ, पण दिली आहे हा पूर्ण वर्तमानकाळ, क्रिया संपली असली तरी काळ आहे वरून ठरतो, आणि अर्ध्याअधिक पोरांचा मार्क इथेच जातो. 'आजी रोज जिलबी देई' हा रीतिभूतकाळ, वर्तमान नव्हे.

शब्दाच्या जातीत मागे, पुढे, वर यांच्याकडे नीट बघा. 'तो मागे बसला' यात मागे एकटं उभं आहे, क्रियाविशेषण. 'राजवाड्यामागे बसला' यात ते नामाला चिकटलंय, शब्दयोगी अव्यय, आणि चिकटताना नामाचं सामान्यरूप झालंय ही पक्की खूण.

आणि हो, मैंने च्या सवयीने मीने लिहू नका बरं का! मी, तू, आम्ही, तुम्ही यांना तृतीयेत ने लागत नाही, 'मी पोहे खाल्ले' मधला मी प्रथमेसारखा दिसतो पण तृतीयेतला आहे, खाल्ले पोह्यांप्रमाणे चाललंय ना. त्याच्या जागी 'त्याने' घालून बघा, ने लगेच दिसेल.