अवतरणं चिकटवू नका: सैद्धांतिक निबंधातल्या या चुका टाळा

एम.ए.चे निबंध तपासताना मी आता आधी पान लांब धरून बघते. आत सरकवलेले, दोन्ही बाजूंनी आखूड केलेले परिच्छेद, म्हणजे लांब अवतरणांचे ब्लॉक कोट, पानोपान दिसले की ओळखायचं, निबंध लिहिणारी व्यक्ती अजून यायची आहे, पाहुणेच बोलतायत.

त्याआधी छोट्या अवतरणाबद्दल, कारण ती चूक जास्त चिवट आहे. आंबेडकरांच्या १९३६ च्या 'जातिनिर्मूलन'वर लिहिताना हमखास असं येतं:

जात ही श्रमविभागणी आहे असे समर्थक मानतात. "जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही. ती श्रमिकांचीही विभागणी आहे." यावरून जातीचे स्वरूप स्पष्ट होते.

अवतरण मधेच टांगलंय. कोण बोलतंय, कोणाला उत्तर देतंय, काहीच कळत नाही, आणि "यावरून स्पष्ट होते" हे वाक्य तर कशाहीनंतर चालेल. शेवटी "असे आंबेडकर म्हणतात" जोडलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. त्याने फक्त नाव कळतं. मी हेच असं लिहीन:

समाजाला श्रमविभागणी लागते हे आंबेडकर नाकारत नाहीत. त्यांचा आक्षेप असा की जात 'केवळ' तेवढीच नाही, ती 'श्रमिकांचीही विभागणी' आहे.

दोनच तुकडे घेतले, बाकी वाक्य माझं. वाचताना अडखळायला होत नाही, आणि वादाचा सांधा कुठे आहे तेही दिसतं. 'केवळ' आणि 'श्रमिकांचीही'मधला 'ही' या दोन शब्दांवर सगळा युक्तिवाद उभा आहे. एका विद्यार्थ्याने जागा वाचवायला नेमका 'केवळ'च उडवला होता: "जातिव्यवस्था ही... श्रमाची विभागणी नाही." तीन टिंबं अगदी नियमाप्रमाणे, अर्थ मात्र बरोब्बर उलटा. आंबेडकर जे नाकारत नव्हते त्याचाच नकार त्यांच्या तोंडी घातला. टिंबं देण्यापूर्वी गाळलेला शब्द परत घालून वाचावा, फरक पडत असेल तर तो गाळू नये. मुळात इतक्या लहान वाक्यात गाळायला काय मिळतं देव जाणे.

मराठीची म्हणून एक खास अडचण आहे: सामान्यरूप. आपण संज्ञा अवतरणचिन्हात ठेवतो आणि पुढे प्रत्यय लागतो. मग 'श्रेणीबद्ध विषमते'चा असा अर्धवट मोडलेला शब्द छापला जातो, मूळ संज्ञेचं रूपही बदलतं. मी सरळ आधाराचं नाम घेते: 'श्रेणीबद्ध विषमता' या संकल्पनेचा. एक शब्द वाढतो, वाढू दे.

आता ब्लॉक कोट. संदर्भ देण्याच्या एमएलए पद्धतीत गद्य चार ओळींच्या पुढे गेलं की ते वेगळं काढतात, एपीएत चाळीस शब्दांपासून. विद्यार्थी हे उलटं वाचतात: चाळीस शब्द भरले, म्हणजे ब्लॉक कोट टाकायची परवानगी मिळाली! एका विद्यार्थिनीच्या बारा पानांत अकरा ब्लॉक कोट होते. मी म्हटलं, प्रत्येकाखाली त्यातल्या एका शब्दाबद्दल तू काय म्हणतेस ते दाखव. "मॅडम, पण सगळेच महत्त्वाचे आहेत," ती म्हणाली. महत्त्वाचे होतेच, पण तिने त्यांच्याशी काही केलं नव्हतं. तासभर बसलो. सात ठिकाणी तिच्या शब्दांतला सारांश आणि पानाचा क्रमांक पुरला. तीन ठिकाणी अवतरणातले दोन-चार शब्द वाक्यात मुरले. उरला एकच: श्रमिकांचे भाग एकावर एक श्रेणीने रचलेले आहेत असं आंबेडकर जिथे मांडतात तो उतारा. तो राहिला, कारण आधी विभागणी, मग तिचे बंद कप्पे आणि मग त्यांची उतरंड, हा क्रमच ती तपासत होती. तुकडे केले असते तर क्रम हरवला असता. त्याच्याखाली तिने दीड पान लिहिलं. निबंध नऊ पानांचा झाला आणि पहिल्यांदा तिचा झाला.

माझी सवय म्हणाल तर, पुस्तक मिटून परिच्छेद लिहायचा, मग उघडून बघायचं की माझ्यापेक्षा मूळ लेखकाने कोणते शब्द नेमके वापरलेत. तेवढेच घ्यायचे. आधी अवतरणं गोळा करून मधल्या फटी भरत जाणं झटपट होतं खरं, आणि तसंच दिसतं.

किरकोळ बाकी: ब्लॉक कोटला पुन्हा अवतरणचिन्हं लावू नका, तो आत सरकवलेला असतोच. भाषांतर तुमचं असेल तर तसं एकदा नोंदवा, आणि एकच संज्ञा पान दोनवर 'श्रमविभागणी' आणि पान सातवर 'श्रमविभाजन' करू नका. परिच्छेदाचा शेवट दुसऱ्याच्या वाक्याने करणाऱ्यांना मी लाल पेनाने फक्त "मग?" लिहून परत करते.