फ्लश व्हॉल्व्ह की कन्सील्ड सिस्टर्न? पाइप, दाब आणि आवाज यांच्या हिशेबात होणाऱ्या चुका टाळा

बाथरूमचे नूतनीकरण काढले की भिंतीबाहेरची प्लास्टिकची फ्लश टाकी नको, हे बहुतेक घरांत आधीच ठरलेले असते. पुढचा निर्णय, म्हणजे भिंतीतला फ्लश व्हॉल्व्ह घ्यायचा की भिंतीआड बसणारी कन्सील्ड सिस्टर्न, हा मात्र दुकानातल्या प्लेटच्या रंगावरून आणि किमतीवरून घेतला जातो. टाईल्स लागून गेल्यानंतर ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या बऱ्याचशा या दोन वस्तूंच्या कामातला एक मूलभूत फरक लक्षात न घेतल्यामुळे निर्माण होतात. सिस्टर्नमध्ये पाणी आधीच साठवलेले असते, त्यामुळे फ्लश करताना पुरवठ्याच्या पाइपवर काही भार नसतो. फ्लश व्हॉल्व्हला स्वतःची टाकी नसते. बटण दाबल्यावर लागणारे सगळे पाणी गच्चीवरच्या टाकीतून त्याच क्षणी, त्याच वेगाने यावे लागते.

आकड्यांत सांगायचे तर कमोड नीट धुतला जाण्यासाठी फ्लश व्हॉल्व्हमधून सेकंदाला साधारण दीड लिटर पाणी जावे लागते. सहा लिटरची सिस्टर्न दोन मिनिटांत भरली, तर तिला सेकंदाला केवळ 0.05 लिटर पुरते, म्हणजे तिची मागणी तीसपटीने कमी असते. म्हणूनच सिस्टर्नला 15 मिमीचा पाइप आणि एक अँगल कॉक भागतो, तर फ्लश व्हॉल्व्हला 32 किंवा 40 मिमीची स्वतंत्र लाइन लागते.

पहिली चूक: फक्त शेवटचा तुकडा मोठा ठेवणे

फ्लश व्हॉल्व्हचे तोंड 40 मिमीचे असल्यामुळे प्लंबर भिंतीतला शेवटचा एक मीटर 40 मिमीचा घालतो आणि तो जुन्या 25 मिमीच्या उभ्या लाइनला जोडतो. पाइपची रुंदी मात्र टाकीच्या निपलपासून व्हॉल्व्हपर्यंत पूर्ण मार्गात लागते. वाटेत एक जागा जरी अरुंद असली, तरी तीच प्रवाह ठरवते.

यात आणखी एक बारकावा आहे. सीपीव्हीसी पाइपवर लिहिलेला आकार आणि आतली प्रत्यक्ष पोकळी सारखी नसते. 25 मिमी म्हणून विकल्या जाणाऱ्या जाड भिंतीच्या पाइपची आतली पोकळी साधारण 23 मिमी, 32 मिमीच्या पाइपची 28 ते 29 मिमी आणि 40 मिमीच्या पाइपची 34 मिमीच्या आसपास भरते. जुन्या जस्ताच्या लोखंडी पाइपच्या आतला व्यास त्याच नावाला थोडा जास्त असे, त्यामुळे ‘पूर्वी 32 वर चालत होते’ हा अनुभव सीपीव्हीसीला जसाच्या तसा लागू पडत नाही. सेकंदाला दीड लिटर पाणी नेताना प्रत्येक मीटर लांबीमागे 25 मिमीच्या पाइपमध्ये सुमारे अर्धा मीटर, 32 मिमीमध्ये सुमारे 20 सेंमी आणि 40 मिमीमध्ये सुमारे 9 सेंमी उंचीचा दाब घर्षणात खर्च होतो.

दुसरी चूक: नळ बंद असतानाचा दाब खरा मानणे

दाबमापक लावून ‘प्रेशर चांगले आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा ते वाचन बहुधा पाणी स्थिर असतानाचे असते. स्थिर पाण्यात घर्षण नसतेच, त्यामुळे 25 मिमीची लाइन आणि 40 मिमीची लाइन सारखाच आकडा दाखवतात. फ्लश व्हॉल्व्हला पाणी वाहत असताना उरणारा दाब लागतो. मॉडेलप्रमाणे हा आकडा बदलतो आणि तो माहितीपत्रकात पाहायलाच हवा, परंतु प्राथमिक हिशेबासाठी अर्धा बार, म्हणजे सुमारे पाच मीटर उंचीचे पाणी, धरणे योग्य ठरते. सिस्टर्नच्या फिल व्हॉल्व्हचे काम याच्या एका लहानशा अंशावर भागते; दाब कमी असेल तर ती फक्त सावकाश भरते.

माझ्या पाहण्यात आलेल्या एका घराचा हिशेब येथे मांडतो. इमारत तीन मजली, घर सर्वांत वरच्या मजल्यावर, आणि टाकीचा तळ गच्चीपासून दोन मीटर उंच होता. मजल्याची उंची तीन मीटर आणि व्हॉल्व्ह जमिनीपासून एक मीटरवर, म्हणजे टाकी तळाला आली असताना व्हॉल्व्हपाशी उपलब्ध उंची जेमतेम चार मीटर होती. टाकीपासून व्हॉल्व्हपर्यंत पाइपची लांबी बारा मीटर. त्यांतले अकरा मीटर 25 मिमीचे आणि शेवटचा मीटर 40 मिमीचा. दीड लिटरच्या प्रवाहाला त्या अकरा मीटरमध्येच साडेपाच मीटर उंची खर्च झाली असती, आणि मुळात होती चारच. म्हणजे तो प्रवाह तिथे शक्यच नव्हता. घरमालकांनी दोन वेळा व्हॉल्व्ह बदलून पाहिला होता. व्हॉल्व्हमध्ये दोष नव्हता.

त्यांचा पुढचा प्रश्न साहजिक होता: सगळी लाइन 40 मिमीची केली तर? बारा मीटरमध्ये सुमारे एक मीटर, आणि बेंड व कॉक धरून साधारण 1.3 मीटर उंची घर्षणात जाते; उरतात 2.7 मीटर. पाच मीटरची गरज तरीही भागत नाही. टाकी अडीच मीटर आणखी उचलली असती तर काम झाले असते, पण त्यासाठी नवा सांगाडा आणि सोसायटीची परवानगी लागली असती. त्याच इमारतीत एक मजला खाली उपलब्ध उंची सात मीटर होते, पाइप पंधरा मीटरचा होतो, आणि 40 मिमीच्या लाइनवर पाच मीटरपेक्षा थोडा अधिक दाब उरतो. खालच्या शेजाऱ्यांकडे तोच फ्लश व्हॉल्व्ह उत्तम चालत होता, याचे कारण एवढेच. ‘शेजाऱ्यांकडे चालतो’ हा पुरावा एका मजल्याच्या फरकाने निकामी होतो. वरच्या घरात शेवटी कमोडच्या मागे कमरेइतकी भिंत उभारून आत सिस्टर्न बसवली आणि तिला 15 मिमीची शाखा दिली.

भिंत फोडण्याआधी बादलीची चाचणी अवश्य करावी. व्हॉल्व्हची जागा येणार आहे तिथे त्याच लाइनचे तोंड पूर्ण उघडून 15 लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजावे. दहा सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर फ्लश व्हॉल्व्हचा विचार सोडावा. वरील घरात चौदा लागले होते. दहा सेकंदांत भरली म्हणजे मात्र व्हॉल्व्ह चालेलच असे नाही, कारण उघड्या तोंडावर पाण्याला कोणताही विरोध नसतो आणि व्हॉल्व्ह तो विरोध निर्माण करतो. ही चाचणी नापास करण्यासाठी विश्वासार्ह आहे, पास करण्यासाठी नाही. ती टाकी अर्ध्याहून कमी भरलेली असताना करावी.

तिसरी चूक: प्रेशर पंपावर भिस्त ठेवणे

शॉवरसाठी लावलेला लहान घरगुती पंप मिनिटाला साधारण 30 ते 40 लिटर पाणी देतो. फ्लश व्हॉल्व्ह उघडला की मागणी मिनिटाला 90 लिटरवर जाते. पंपाच्या पाटीवरचा दाब कितीही आकर्षक असला, तरी एवढ्या प्रवाहाला तो कोसळतो आणि त्याच वेळी शॉवरखाली उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर कोमट धारेऐवजी गरम किंवा थंड पाणी येते. पंप असो वा नसो, फ्लश व्हॉल्व्ह शॉवरच्या लाइनवर घेऊ नये. मुंबईतील अनेक इमारतींत फ्लशिंगची टाकी आणि उभी लाइन मुळातच वेगळी असते, त्यामुळे तिथे ही अडचण कमी येते. त्या टाकीत बोअरचे पाणी असेल तर मात्र क्षार ही नवी अडचण उभी राहते.

ती अशी: फ्लश व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो तो आतल्या एका बारीक छिद्रातून पाणी वरच्या कप्प्यात हळूहळू भरते म्हणून. ते छिद्र क्षाराने किंवा टाकीतल्या गाळाने बुजले की व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो किंवा वाहतच राहतो. अशा वेळी व्हॉल्व्ह बदलण्याआधी कंट्रोल कॉक बंद करून आतला भाग काढावा, छिद्र धुवावे आणि रबरी पडदा तपासावा. फ्लश कमजोर असेल तर तोच कंट्रोल कॉक पूर्ण उघडा आहे ना, आणि गच्चीवर टाकीच्या तोंडाशी लावलेला कॉक अर्धवट फिरलेला नाही ना, हेही आधी पाहावे. टाकी धुऊन झाल्यावर हा कॉक पूर्ण न उघडण्याचा प्रकार फार आढळतो.

चौथी चूक: आवाजाची तुलना फक्त बटण दाबतानाची करणे

फ्लश व्हॉल्व्हचा आवाज थोडा वेळ असतो, पण मोठा आणि भिंतीतून पसरणारा असतो. उंच इमारतीत दहा मजले खाली व्हॉल्व्हपाशी तीन बारच्या वर दाब असतो, आणि इथे वरच्या मजल्याच्या उलट तक्रार येते: पाणी कमोडबाहेर उडते, आणि बंद होताना पाइपमध्ये धप्प असा ठोका बसतो. वेगाने जाणारे पाणी अचानक थांबल्याने तो बसतो. कंट्रोल कॉकने प्रवाह कमी करणे हा पहिला उपाय. झिजलेला पडदा बदलणे हा दुसरा. पाइप भिंतीत सैल असेल तर तो प्रत्येक ठोक्याला विटेवर आपटतो, म्हणून भिंतीतली खाच भरण्याआधीच तो क्लँपने आवळावा. संपूर्ण घराचा दाब जास्त असेल तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावावा लागतो.

सिस्टर्नचा फ्लश सौम्य असतो, परंतु ती भरताना एक ते तीन मिनिटे बारीक सुस्कारा चालू राहतो. झोपण्याच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीत ती बसवली, तर रात्री हाच आवाज जाणवतो. तो प्लेट काढून आतला अँगल कॉक थोडा आवळल्यास बराच कमी होतो. भरायला अर्धा मिनिट जास्त लागतो, एवढेच. सांडपाण्याच्या 110 मिमीच्या पाइपमधला खळखळाट दोन्हींत सारखाच असतो, त्याचा दोष सिस्टर्नला देऊन ती बदलू नये.

सिस्टर्नची एक तक्रार मात्र आवाजावरूनच ओळखावी लागते. फिल व्हॉल्व्ह गळू लागला की जादा पाणी ओव्हरफ्लोमधून, आणि तळाचे रबरी सील गेले की साठलेले पाणी तळातून, थेट कमोडमध्ये जाते, फरशीवर थेंबही दिसत नाही. कोणी फ्लश केलेला नसताना मधूनच किंवा सतत सिस्टर्न भरल्याचा आवाज आला, तर प्लेट काढून आतल्या पाण्यात थोडा खाण्याचा रंग टाकावा आणि वीस मिनिटे कमोड वापरू नये. रंग कमोडमध्ये उतरला आणि टाकीतली पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडाच्या खाली असेल, तर तळाचे रबरी सील गेलेले असते; पातळी तोंडाला टेकलेली असेल, तर दोष फिल व्हॉल्व्हचा. दोन्ही भाग प्लेटच्या उघड्या जागेतूनच काढता येतात, टाईल फोडावी लागत नाही. अट एकच: मिस्त्रीने टाईल लावताना ती चौकट छोटी करून टाकलेली नसावी, आणि ते टाईल लागत असतानाच उभे राहून पाहावे लागते.