बीजभाषणाच्या ७२ पानांचा एक पानी अहवाल

बुटीबोरीच्या कारखान्यातून ऊर्जाबचतीच्या परिषदेला गेलो होतो. बीजभाषणाची पीडीएफ ७२ पानांची मिळाली, पण ॲनिमेशनचा प्रत्येक टप्पा वेगळं पान झाला होता. एकाच शीर्षकाच्या सलग पानांतलं शेवटचं ठेवल्यावर खऱ्या स्लाइड २९ उरल्या. मात्र शेवटच्या टप्प्यावर आधीचा आलेख कधी कधी झाकला जातो. तेवढी पानं उघडून बघावीच लागतात.

साहेबांसाठीच्या एक पानी अहवालाचा पहिला मसुदा स्लाइडच्या क्रमाने लिहिला, तिथेच घोळ झाला. वक्ता श्रोत्यांना हळूहळू मुद्द्यापर्यंत नेतो. साहेबांना मुद्दा पहिल्या ओळीत हवा असतो. शिवाय एका स्लाइडवर नुसतं ‘७ टक्के बचत’ होतं आणि मीही तसंच उतरवलं. साहेबांचा प्रश्न आला, “७ टक्के कशाचे?”

उत्तर स्लाइडवर नव्हतं, वक्त्याच्या तोंडी होतं आणि माझ्या वहीत सापडलं. कॉम्प्रेस्ड हवेचा दाब ७ बारच्या आसपास असेल, तर तो १ बारने उतरवल्यावर कॉम्प्रेसरची वीज साधारण ७ टक्के कमी लागते. अख्ख्या कारखान्याचं बिल नव्हे!

मग सुधारलेली ओळ अशी: ‘आपला दाब ७.५ बार, यंत्रांना ६ पुरतो. आधी शेवटच्या यंत्रापाशी दाब मोजावा, मग अर्ध्या बारने उतरवून बघावं. अपेक्षित बचत: कॉम्प्रेसरच्या विजेच्या ३ ते ४ टक्के. (स्लाइड १७ आणि तोंडी खुलासा)’

कंसातला तो उल्लेख प्रत्येक आकड्यामागे ठेवला. वक्त्याच्या कंपनीची ओळख आणि सुविचार सरळ गाळले.