चेक भरला, पण पैसे जमा होईनात: माझा अनुभव

भाडेकरूने पुढच्या तारखेचे तीन चेक दिले होते. पहिल्यावर सोमवारची तारीख होती, मी तो शुक्रवारी संध्याकाळीच ड्रॉप बॉक्समध्ये टाकला. गुरुवार उजाडला तरी खात्यात काहीच नाही. दोनदा पासबुक भरून घेतलं, हेल्पलाइनला फोन केला. "प्रक्रियेत आहे" हेच ऐकून अगदी वैताग आला.

मग स्लिपची काउंटरफॉइल घेऊन शाखेत गेलो आणि एकच प्रश्न विचारला: "चेक क्लिअरिंगला कोणत्या तारखेला गेला?" गेलाच नव्हता. पेटी उघडली तेव्हा तारीख पुढची दिसली, म्हणून चेक बाजूला काढून ठेवलेला.

तो परत घेतला. भाडेकरूच्या खात्यात रक्कम असल्याची फोनवर खात्री केली. नवी स्लिप भरून कट-ऑफ वेळेआधी काउंटरवर दिला, शिक्का मारून घेतला. कट-ऑफ चुकली की चेक पुढच्या कामाच्या दिवशीच्या क्लिअरिंगला जातो. नंतर रक्कम शिलकीत दिसली, पण "काढण्याजोगी शिल्लक" वाढेपर्यंत मी हात लावला नाही, कारण तोवर चेक परत येऊ शकतो.

उरलेले दोन मी घरीच ठेवलेत. ज्याच्या त्याच्या तारखेलाच भरेन.