टाकी भरली तरी वॉशरचा दिवा का विझत नाही?

जूनच्या पहिल्या आठवड्यात डिचोलीच्या मामेभावाचा फोन आला. "दादा, काचेवर पाणी मारायच्या टाकीत काठोकाठ पाणी भरलंय, तरी डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा जात नाही. आणि फवारा म्हणशील तर नुसती धार गळते."

काचेचं चित्र आणि त्यातून उडणारं कारंजं, असा तो दिवा. टाकीतली पातळी खाली गेली की तो लागतो. गाडीच्या इंजिनाशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नसतं. सगळ्याच गाड्यांना हा दिवा नसतो. काहींना फवारा बंद पडल्यावरच कळतं.

मी आधी विचारलं, "टाकीत काय ओतलंस?" उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं: वर्षभर विहिरीचं पाणी आणि त्यात दर वेळी भांडी घासायच्या लिक्विडची एक धार.

आपल्याकडे जांभ्याच्या जमिनीतल्या पाण्यात पुष्कळदा लोह असतं. बादलीच्या कडेला तांबूस वर्तुळ धरतं ना, तोच थर नोझलच्या टाचणीएवढ्या भोकात बसतो. क्षार जास्त असलेल्या पाण्याने पांढरा थर बसतो. शिवाय साधं पाणी बॉनेटखालच्या उबेत महिनोन्महिने साचून राहिलं की त्यात बुळबुळीत शेवाळं धरतं. खाणीच्या ट्रकांची धूळ आणि रात्रीचे चिकटलेले किडे साध्या पाण्याने निघतही नाहीत, वायपर ते नुसते फासतो.

लिक्विडची गंमत वेगळी. त्याचा फेस होतो, पंप पाण्याऐवजी फेस ओढतो आणि काचेवर पातळ पडदा राहतो. दिवसा तो दिसत नाही. रात्री समोरून ट्रक आला की त्याचा उजेड सगळ्या काचेवर पसरतो.

रविवारी मी गेलो. टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारला तर आत चहात बुडलेल्या बिस्किटासारखे मऊ तपकिरी तुकडे तरंगत होते. तेच पातळी मोजणाऱ्या तरंगत्या सेन्सरला चिकटले होते. पाणी वर चढलं तरी तो खालीच अडकलेला, म्हणून दिवा चालू.

साफसफाई अशी केली. इंजिन थंड होऊ दिलं. काचेचं चित्र असलेलं झाकण कुठलं ते पाहून घेतलं. शेजारची दुसरी टाकी कूलंटची असते आणि तिचं झाकण गरम इंजिनावर उघडायचं नाही. बारीक नळीने जुनं पाणी उपसून काढलं (तोंडाने ओढू नका, हातपंप मिळतो). मग कोमट पाणी ओतून, हलवून तीन वेळा बाहेर काढलं. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकतं. तळाशी पंप रबरी वॉशरमध्ये बसलेला असतो, तो ओढून काढला की आत छोटी जाळी दिसते. निम्मी अडचण तिथेच होती. नोझलची नळी सोडवून उलट्या दिशेने हवा फुंकली. सुई घालायचा मोह होतो, पण पंख्यासारखा फवारा उडवणाऱ्या नोझलचं भोक त्याने कायमचं बिघडतं.

नंतर टाकीत डिमिनरलाइज्ड पाणी भरलं. बॅटरीत घालायला पेट्रोल पंपावर कॅन मिळतो तेच. त्यात वॉशर कॉन्सन्ट्रेट. बाटलीवर एकास पन्नास लिहिलं होतं आणि टाकी अडीच लिटरची, म्हणजे साधारण 50 मिली. बाटलीवरचं प्रमाणच पाळा, जास्त घातलं की पुन्हा काचेवर डाग. बटण एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त दाबायचं नाही, आणि रिकाम्या टाकीवर पंप फिरवला तर तो जळू शकतो.

दिवा गेला. तरी एक गोष्ट सांगून ठेवतो: काही गाड्यांत तरंगता सेन्सर नसून धातूची दोन टोकं असतात, जी पाण्यातून वीज जाते का ते पाहतात. तिथे निव्वळ डिस्टिल्ड पाणी भरलं तर टाकी भरलेली असूनही दिवा लागलेलाच राहतो, कारण त्या पाण्यातून वीज नीट जातच नाही. कॉन्सन्ट्रेट घातलं की बहुधा विझतो. साफसफाई आणि कॉन्सन्ट्रेट दोन्ही झालं तरी दिवा तसाच आणि गाडीखाली ओल दिसत असेल तर टाकी तडकलेली किंवा पंपाचं रबर सैल झालेलं असतं.

मामेभाऊ म्हणाला, "आणि आरओचं वाया जाणारं पाणी?" त्यात क्षार उलट जास्त साठलेले असतात, ते बागेतही जपूनच घाल म्हटलं. फिनाईल, रॉकेल, शॅम्पू यांचंही तेच: एकाचा दुधाळ डाग, दुसऱ्याने वायपरचं रबर फुगतं, तिसऱ्याचा फेस. उरलेलं कूलंट तर मुळीच ओतू नका. काच तेलकट होते आणि गोडसर चवीमुळे सांडलेलं चाटायला कुत्रं-मांजर येतं. बहुतेक कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल त्यांच्या जिवावर बेततं.